सरोगसीने जन्मलेल्या बाळाचे कायदेशीर आई-बाप ठरतात कसे: न्यायालयाच्या आदेशापासून जन्मदाखल्यापर्यंत

माझी मुलगी माझ्या धाकट्या जावेच्या पोटी जन्मली. त्याआधी माझी एकदा प्रसूती झाली होती. बाळ गेलं, आणि रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भाशय काढावं लागलं. दोन वर्षांनी जाऊ स्वतःहून म्हणाली, "ताई, मी करते तुमच्यासाठी." तिच्या त्या शब्दापासून मुलीच्या जन्मदाखल्यावर आमची दोघांची नावं लागेपर्यंत जे कागद करावे लागले, त्यांच्याबद्दल हा लेख आहे. उपचारांबद्दल तुमचे डॉक्टर सांगतीलच. कागदांबद्दल आम्हाला नीट सांगणारं कोणी भेटलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. सरोगसी कायदा 2021 सालचा आहे आणि तो 25 जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्याच्या आठव्या कलमात म्हटलंय की सरोगसीतून जन्मलेलं मूल हे इच्छुक जोडप्याचं जैविक अपत्यच मानलं जाईल आणि पोटच्या मुलाचे सगळे हक्क त्याला मिळतील. म्हणजे मूल दत्तक घ्यावं लागत नाही. पण जन्म नोंदवणारा कारकून कायद्याचं पुस्तक उघडून बसलेला नसतो. त्याच्यासमोर दवाखान्याचा कागद असतो आणि त्यावर प्रसूत झालेल्या बाईचं नाव असतं. कायदा तुम्हाला आई-बाप म्हणतो आणि दवाखान्याचं रजिस्टर दुसऱ्याच बाईचं नाव सांगतं. या दोहोंना जोडणारा एकच कागद आहे. तो म्हणजे मॅजिस्ट्रेटचा आदेश, आणि तो गर्भ रुजवण्याच्या आधी मिळवायचा असतो.

## 1. आपण कायद्यात बसतो का, ते आधी बघा

इच्छुक जोडपं भारतीय आणि विवाहित असावं लागतं. पात्रतेचं प्रमाणपत्र मिळेल त्या दिवशी बायकोचं वय 23 ते 50 आणि नवऱ्याचं 26 ते 55 हवं. हयात मूल नसावं, मग ते पोटचं असो, दत्तक असो वा सरोगसीचं. अपंगत्व किंवा जीवघेणा आजार असलेलं मूल असेल तर सूट मिळू शकते. एकटी स्त्री विधवा किंवा घटस्फोटित असेल आणि 35 ते 45 वयाची असेल तर तिलाही अर्ज करता येतो. लग्न न करता एकत्र राहणारी जोडपी, अविवाहित स्त्री, एकटा पुरुष यांच्यासाठी या कायद्यात वाट नाही. "आधी करू, कागद मागाहून बघू" असं कोणी म्हणत असेल तर तिथून उठून या.

सरोगेट होणारी बाई विवाहित किंवा पूर्वी विवाहित, स्वतःचं मूल असलेली आणि गर्भ रुजवतानाच्या दिवशी 25 ते 35 वयाची हवी. तिने आयुष्यात एकदाच सरोगेट व्हायचं असतं आणि बीज तिचं वापरता येत नाही. तिला मोबदला देता येत नाही. औषधपाणी, विमा आणि नियमांत बसणारा खर्च तेवढा आपण करायचा.

वयाची अट वाचायला सोपी वाटते, पण माझी जाऊ 34 वर्षांची होती. कागदांना लागणारा प्रत्येक महिना तिच्या वयातून जात होता. तुमची सरोगेट तिशीच्या पुढची असेल तर तिची पस्तिशी कधी भरते ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा आणि तिथून उलटी मोजणी करा.

## 2. सगळ्यांची नावं सगळ्या कागदांवर एकसारखी करून घ्या

ही पायरी कुठल्याही सरकारी यादीत नाही. तरी मी ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवते, कारण आमचे तीन आठवडे इथेच गेले.

आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं आणि बऱ्याच घरांत पाळण्यातलं नावही बदलतं. जावेच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नपत्रिकेवर सासरचं ठेवलेलं नाव, आधारवर पुन्हा माहेरचं पहिलं नाव आणि सासरचं आडनाव. तिच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर मात्र सासरचं ठेवलेलं नाव. तिला स्वतःचं मूल आहे हे दाखवायला तोच दाखला लागतो. न्यायालयात विचारणा झाली, "या मुलाची आई आणि अर्जदार बाई एकच कशावरून?"

विवाह नोंदणीचा दाखला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र आणि लागलं तर राजपत्रात नावबदल, या तिन्हीतून मार्ग निघतो. पण अर्ज दाखल झाल्यावर ते करायला घेतलं की तारखा पडतात. म्हणून अर्जाआधीच एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: तुम्ही, नवरा, सरोगेट, तिचा नवरा. प्रत्येकाच्या आधार, पॅन, विवाह दाखला आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जसंच्या तसं लिहा. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा अक्षर न अक्षर तपासा. आमच्या आडनावात एका कागदावर एक ए जास्त होता, तोही निस्तरावा लागला.

विवाह नोंदणी झालेली नसेल तर ती आधी करून घ्या. लग्नाचे फोटो आणि पत्रिका यांवर भागत नाही.

## 3. जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र

सरोगसीची खरोखर गरज आहे हे जिल्हा वैद्यकीय मंडळ ठरवतं. आमच्यासारख्यांना हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून करावं लागतं. गर्भाशय नसणं किंवा काढलेलं असणं, गर्भाशयात मोठा दोष असणं, आयव्हीएफ वारंवार अपयशी होणं, कारण न सापडता वारंवार गर्भपात होणं, गरोदरपण जिवावर बेतेल असा आजार असणं, ही कारणं नियमांत आहेत.

मूळ शस्त्रक्रियेचं टिपण आणि पॅथॉलॉजीचा अहवाल बरोबर न्या. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर माझ्या बाबतीत एका ओळीत संक्षेप लिहिला होता, आणि तो पुरेसा धरला गेला नाही.

दात्याचं बीज लागणार असेल तर तेही याच टप्प्यावर सांगायचं. मार्च 2023 मध्ये नियम बदलून बीज आणि शुक्राणू दोन्ही जोडप्याचेच हवेत असं केलं होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये ते सैल झालं. आता नवरा-बायकोपैकी एकाला वैद्यकीय अडचण असल्याचं मंडळाने प्रमाणित केलं तर दाता चालतो, पण दोघांपैकी एकाचा अंश बाळात असलाच पाहिजे. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीने बीज स्वतःचंच वापरायचं आणि शुक्राणू दात्याचे. मंडळाच्या कागदात दात्याचा उल्लेख नसेल आणि पुढे गरज पडली तर पुन्हा मागे फिरावं लागतं.

## 4. मॅजिस्ट्रेटचा आदेश: सगळ्यात महत्त्वाचा कागद

कायद्यात म्हटलंय की इच्छुक जोडपं आणि सरोगेट यांनी मिळून केलेल्या अर्जावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी किंवा त्यावरच्या न्यायालयाने बाळाचं पालकत्व आणि ताबा यांबद्दल आदेश द्यायचा. बाळ जन्मल्यावर हाच आदेश जन्माचं शपथपत्र म्हणून चालतो. हे शेवटचं वाक्य तुमच्या वकिलांना अर्जात जसंच्या तसं घालायला सांगा. जन्मनोंदणीच्या टेबलावर मला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

हा आदेश इतका आधी का घ्यायचा? तो नसेल तर सरोगसीची गरज सरकारदरबारी मान्य करणारं अत्यावश्यकता प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ते नसेल तर दवाखान्याला गर्भ रुजवता येत नाही. शिवाय आपल्या पुराव्याच्या कायद्यात एक जुनं गृहीतक आहे, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 मध्ये आलं आहे. लग्न टिकून असताना बाईला मूल झालं तर ते तिच्या नवऱ्याचंच, असा निर्णायक पुरावा धरला जातो. सरोगेट बहुधा विवाहित असते. म्हणजे कागद नसेल तर कायद्याची पहिली नजर तिच्या नवऱ्याकडे वळते. आमच्या बाबतीत तो माझा सख्खा दीर होता. वाद होण्याचा प्रश्नच नव्हता, पण कागदावर गोंधळ होणं सोपं होतं, कारण घरातल्या चौघांचं आडनाव एकच. वकिलांनी दिराचंही शपथपत्र जोडलं, त्यात त्याने या बाळावर कुठलाही दावा नसल्याचं लिहून दिलं. तुम्हीही जोडा.

आदेशाचा मसुदा वकिलांवर सोडून देऊ नका. बसून प्रत्येक ओळ वाचा आणि पुढच्या गोष्टी त्यात आहेत का ते बघा.

बाळ एक असो वा अधिक, आदेश सर्वांना लागू, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. जुळी झाली आणि आदेशात एकच बाळ म्हटलेलं असलं तर कायदा तुमच्याच बाजूने असतो, पण टेबलावरचा माणूस अडतो.

प्रसूती कुठेही झाली तरी आदेश लागू, असं हवं. आमच्या पहिल्या मसुद्यात एका ठरावीक दवाखान्याचं नाव होतं. मी ते काढायला लावलं. सातव्या महिन्यात जावेचा रक्तदाब वाढला आणि खरोखरच तिला मोठ्या रुग्णालयात हलवावं लागलं. तो बदल केला नसता तर काय धावपळ झाली असती, याचा विचार आजही नको वाटतो.

पहिला प्रयत्न फसला तर पुढच्या प्रयत्नांनाही आदेश लागू, असं हवं. नियमांनुसार एका सरोगेटवर जास्तीत जास्त तीन प्रयत्न करता येतात.

जन्मानंतर बाळाचा ताबा लगेच इच्छुक आई-बापांकडे, आणि जन्मनोंदणीत आई व बाप म्हणून त्यांचीच नावं लावावीत, असा निर्देश दवाखाना आणि जन्म-मृत्यू निबंधक या दोघांना उद्देशून हवा. कायद्यातल्या ओळीतून हे निघतंच, पण निबंधकाचं नाव घेऊन लिहिलेला आदेश त्याला वाचायला सोपा जातो.

सुनावणीला आम्ही तिघं आणि दीर गेलो. न्यायाधीशांनी जावेला मराठीतून, आमच्याकडे न बघता विचारलं, "तुम्हाला हे कोणी करायला लावलंय का?" तिने नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, बाळ तुमच्याजवळ राहणार नाही हे समजलंय का. ती म्हणाली, "बाळ ताईंचंच आहे, मी सांभाळणार आहे नऊ महिने." तुमच्या सरोगेटला वकिलाने शिकवलेली उत्तरं पाठ करायला लावू नका. तिला कायदा तिच्या भाषेत समजावून सांगा. तिची लेखी संमतीही तिला समजणाऱ्या भाषेतच घ्यावी लागते, आणि गर्भ रुजवण्याआधी ती संमती मागे घेण्याचा हक्क तिला आहे. हे तिला आधीच सांगा. माझ्या जावेला ते मी स्वतः सांगितलं, दीर समोर नसताना.

आदेश झाला की नक्कल विभागातून प्रमाणित प्रती घ्या. आम्ही सहा घेतल्या आणि पाच वापरल्या. साधी झेरॉक्स कुठेही अडू शकते.

## 5. विमा, पात्रता आणि अत्यावश्यकता प्रमाणपत्र

सरोगेटच्या नावाने 36 महिन्यांचा विमा काढावा लागतो आणि त्यात प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतींचा खर्च यायला हवा. पॉलिसी वर्षाची असेल आणि "दरवर्षी नूतनीकरण करू" असं एजंट म्हणत असेल तर सही करू नका. बरोबर तिच्या नुकसानभरपाईची हमी देणारं तुमचं शपथपत्रही लागतं.

मंडळाचं प्रमाणपत्र, न्यायालयाचा आदेश आणि विमा ही तीन पानं जोडून सरोगसीसाठी सरकारने नेमलेल्या समुचित प्राधिकाऱ्याकडून अत्यावश्यकता प्रमाणपत्र मिळतं. तुमचं आणि सरोगेटचं पात्रता प्रमाणपत्र वेगवेगळं असतं. तिच्यासाठी शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचे दाखले लागतात. अर्ज नाकारला तर 30 दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं, त्यामुळे नकार लेखी मागा. दवाखाना सरोगसीसाठी नोंदणीकृत आहे का तेही बघा. नोंदणीचं प्रमाणपत्र दिसेल अशा जागी लावणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आयव्हीएफची नोंदणी वेगळी आणि सरोगसीची वेगळी, हे विसरू नका.

इथपर्यंत आलात की फाइलमध्ये हे असायला हवं:

- चौघांचे ओळखपत्रं आणि दोन्ही जोडप्यांचे विवाह दाखले
- सरोगेटच्या स्वतःच्या मुलाचा जन्मदाखला
- जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र
- मॅजिस्ट्रेटच्या आदेशाच्या प्रमाणित प्रती
- 36 महिन्यांची विमा पॉलिसी आणि हमीचं शपथपत्र
- अत्यावश्यकता प्रमाणपत्र आणि दोन्ही पात्रता प्रमाणपत्रं
- सरोगेटची संमती आणि करारपत्र
- गर्भ रुजवल्याची तारीख असलेला दवाखान्याचा कागद

शेवटचा कागद लोक मागायला विसरतात. आदेश जन्माच्या आधीचा असतो, त्यात बाळाचं नाव किंवा जन्मतारीख नसते. हेच ते बाळ, हे दाखवणारी साखळी त्या तारखेपासून सुरू होते आणि पुढच्या सोनोग्राफी अहवालांतून प्रसूतीपर्यंत येते.

## 6. प्रसूतीच्या आधी रुग्णालयात जाऊन बोला

सरोगेट रुग्णालयात दाखल होते ती स्वतःच्या नावाने. तसंच व्हायला हवं. तिच्या जागी तुमचं नाव घालून दाखल करण्याची युक्ती कोणी सुचवली तर अजिबात ऐकू नका. तिचा रक्तगट, तिची ॲलर्जी, तिचा विमा, सगळं तिच्या नावावर आहे. चुकीच्या नावाने दाखल करणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ आणि शिवाय खोटी नोंद.

मात्र रुग्णालय निबंधकाकडे जो जन्माचा अहवाल पाठवतं, त्यात "आईचे नाव" या रकान्यात तुमचं नाव हवं. हे दोन वेगळे कागद आहेत. प्रसूती रजिस्टरवर सरोगेट, जन्म अहवालावर इच्छुक आई-बाप. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि मधला पूल न्यायालयाचा आदेश आहे. डॉक्टरांना हे माहीत असतं. अहवाल भरतो तो वैद्यकीय नोंदी विभागातला माणूस, आणि त्याच्याकडे दाखल रुग्णाची माहिती आपोआप समोर येते.

आठव्या महिन्यात मी त्या विभागात गेले. आदेशाची प्रमाणित प्रत, अत्यावश्यकता प्रमाणपत्र आणि आमच्या दोघांचे आधार जोडून एक पत्र दिलं. आवक शिक्का मारून दुसरी प्रत घेतली. पत्रात एवढंच लिहिलं होतं की अमुक नावाची रुग्ण सरोगेट आहे, जन्म अहवालात पुढील नावं आई व वडील म्हणून भरावीत, आणि अहवाल पाठवण्यापूर्वी आम्हाला दाखवावा.

तरीही चूक झालीच. मुलगी 35 व्या आठवड्यात, पहाटे जन्मली आणि सरळ नवजात अतिदक्षता विभागात गेली. तिसऱ्या दिवशी मी नोंदी विभागात गेले तर पडद्यावर आईच्या रकान्यात जावेचं नाव आणि वडिलांच्या रकान्यात दिराचं. आडनाव एकच, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. अहवाल अजून पाठवलेला नव्हता. शिक्का मारलेलं पत्र दाखवलं, त्या माणसाने कपाटातून आमची प्रत शोधली, आणि माझ्यासमोर नावं बदलली. मी प्रत्येक अक्षर वाचून घेतलं. दहा मिनिटांचं काम होतं. अहवाल गेल्यावर तेच काम कसं होतं ते पुढे सांगते.

बाळ अतिदक्षता विभागात असेल तर त्याच्या पायातल्या पट्टीवर "बेबी ऑफ" पुढे सरोगेटचं नाव असतं. ते बघून मनाला लागतं, मला लागलं होतं. पण ती रुग्णालयाची ओळखखूण आहे, पालकत्वाची नोंद नाही. डिस्चार्ज कार्डावर मात्र दोन्ही नावं येतील अशी विनंती करा: प्रसूत झालेली सरोगेट आणि न्यायालयाच्या आदेशानुसार आई-वडील.

## 7. पहिले 21 दिवस

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, पुढे वर्षभरापर्यंत वरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ती होते. रुग्णालयातला जन्म रुग्णालय कळवतं, शहरात महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात, गावात ग्रामपंचायतीत. 2023 च्या दुरुस्तीनंतर सरोगसीतल्या जन्माची माहिती देणाऱ्यांमध्ये जैविक पालकाचा स्वतंत्र उल्लेख आलेला आहे. त्यामुळे "आम्हाला अशी नोंद करता येत नाही" असं कोणी म्हटलं तर हे शांतपणे दाखवा.

आपल्याकडे बारशापर्यंत नाव ठरत नाही आणि बाळ रुग्णालयात असलं तर बारसंही लांबतं. नावासाठी नोंद अडवू नका. बाळाचं नाव न घालता नोंद होते आणि 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. आम्ही तसंच केलं. पण आई-वडिलांच्या नावांच्या बाबतीत एका दिवसाचीही ढिलाई नको.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. दाखल्यावर सरोगसीचा किंवा दात्याचा उल्लेख येत नाही. तो इतर कुठल्याही मुलाच्या दाखल्यासारखाच असतो, आणि आयुष्यभर प्रत्येक खिडकीवर तोच दाखवायचा असतो. आदेश आणि बाकीची फाइल घरात राहू द्या.

## 8. दाखल्यावर चुकीचं नाव गेलं तर

आमच्याच डॉक्टरांकडे भेटलेल्या एका जोडप्याचं असं झालं. सरोगेट त्यांच्या ओळखीतली होती. अहवाल तपासला गेला नाही, आणि दाखल्यावर आई म्हणून तिचं नाव आलं. त्यांनी घाबरून दुसऱ्या शहरात नवी नोंद करण्याचा विचार केला. तसं कधीही करू नका. एका जन्माच्या दोन नोंदी झाल्या की पुढे पासपोर्टच्या वेळी दोन्ही संशयात सापडतात.

रस्ता आहे तो जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 चा. नोंद चुकीची झाली आहे हे निबंधकाला पटलं तर तो ती दुरुस्त करू शकतो. मूळ नोंद खोडली जात नाही, तिच्या शेजारी समासात दुरुस्तीची टीप आणि तारीख येते. त्या जोडप्याने आदेश, अत्यावश्यकता प्रमाणपत्र, रुग्णालयाचं "अहवाल भरताना चूक झाली" असं पत्र आणि सरोगेटचं शपथपत्र दिलं. रुग्णालयाचं पत्र मिळवायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण तोवर प्रसूतीला दोन महिने झाले होते. चूक दिसली त्याच दिवशी ते पत्र मागा.

निबंधकाने ऐकलंच नाही तर लेखी नकार घेऊन 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करा, आणि अपिलातही काही झालं नाही तर वकिलामार्फत उच्च न्यायालयाची पायरी उरते. हातात जन्माआधीचा आदेश असेल तर बाजू भक्कम असते. तो मुळात घेतलाच नसेल तर प्रश्न दाखल्यापुरता राहत नाही, सगळी प्रक्रियाच कायद्याबाहेर जाते.

## 9. स्वतःच्या पोटी, पण दात्याच्या बीजाने मूल झालं असेल तर

इथे न्यायालयात जावं लागत नाही. तुम्हीच प्रसूत होता, अहवालात तुमचं आणि नवऱ्याचं नाव जातं. सहायक प्रजनन कायद्याच्या, तोही 2021 चा, कलम 31 नुसार मूल जोडप्याचंच जैविक अपत्य मानलं जातं आणि दात्याने पालकत्वाचे सगळे हक्क सोडायचे असतात. सांभाळून ठेवायचा कागद म्हणजे नवरा-बायको दोघांची लेखी संमती. नवऱ्याची सही नसलेली संमती पुढे वादात फार महागात पडू शकते.

बीज देणारी बहीण असली तरी कायदा तोच. ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर असं प्रकरण आलं होतं. पत्नीच्या धाकट्या बहिणीने बीज दिलं होतं, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या, नंतर पती-पत्नी वेगळे झाले. बीज बहिणीचं म्हणून जैविक आई तीच, असा दावा पतीने केला. न्यायालयाने तो मानला नाही आणि बीज देणाऱ्या बाईला पालकत्वाचा हक्क नाही असं सांगत आईला मुलींना भेटण्याचा अधिकार दिला. तो करार 2021 च्या कायद्याआधीचा होता, तरी लेखी कागदपत्रं होती म्हणून बाजू मांडता आली.

## 10. रजा आणि परदेश

नोकरी करणाऱ्या आईने रजेची चौकशी आधीच करावी. केंद्र सरकारी नोकरीत जून 2024 च्या दुरुस्तीनंतर, दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर, इच्छुक आईला आणि सरोगेटलाही 180 दिवसांची रजा मिळू शकते, वडिलांना 15 दिवस. प्रसूती लाभ कायद्यात 2017 पासून इच्छुक आईला बाळ हाती आल्यापासून 12 आठवडे होते, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तसेच आहेत. पण तिथे व्याख्येत "स्वतःचं बीज वापरलेली" असे शब्द आहेत. दात्याचं बीज असेल तर आपल्या कार्यालयाकडून लेखी उत्तर आधी घ्या. बाळ हाती आल्याची तारीख दाखवायला रुग्णालयाचा ताबा दिल्याचा कागद लागतो, तो डिस्चार्जच्या दिवशीच मागा.

भारतीय पासपोर्टवर इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिथल्या कायद्याने जन्म देणारी बाईच आई असते, मग जन्म कुठेही होवो. आपला मॅजिस्ट्रेटचा आदेश आणि भारतीय जन्मदाखला तिथे पालकत्व सिद्ध करत नाही. तिथल्या न्यायालयातून पालकत्वाचा वेगळा आदेश घ्यावा लागतो आणि त्यासाठी जन्मानंतर सहा महिन्यांची मुदत आहे. तो अर्ज करताना सरोगेटची संमती पुन्हा लागते, आणि ती बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावरच ग्राह्य धरतात. म्हणजे सरोगेटचा पत्ता आणि फोन त्यानंतरही तुमच्याकडे हवा. बाळाला घेऊन परतीचं तिकीट काढण्याआधी तिथल्या वकिलाशी बोला.

## फाइल कशी ठेवायची

दवाखान्याने सरोगसीच्या नोंदी 25 वर्षं जपायच्या असतात. तरी दवाखाने बंद होतात, हात बदलतात, म्हणून डिस्चार्जनंतर महिन्याभरात सगळ्या प्रती मागून घ्या. न्यायालयाचा आदेश आणि जन्मदाखला लॅमिनेट करू नका. शिक्का आणि सही उठून दिसत नाही म्हणून परत पाठवलेला कागद मी पाहिला आहे. एक प्रमाणित प्रत सरोगेटकडे ठेवा, कारण तिलाही कधी तरी रुग्णालयाच्या कागदावरचं ते बाळंतपण समजावून सांगावं लागेल. जावेच्या पुढच्या विमा दाव्याच्या वेळी नेमका हाच प्रश्न आला होता: "दोन बाळंतपणं, मग मूल एकच कसं?" तिने कपाटातून आदेशाची प्रत काढून दिली.